लहान शीर्षक, जास्त व्ह्यूज? ६४ व्हिडिओंचं रिग्रेशन काय सांगतं आणि काय सांगत नाही

गडवेडा_कोथरूड

माझं गडकिल्ल्यांचं यूट्यूब चॅनल आहे. चार वर्षं झाली, ६४ व्हिडिओ. प्रत्येकाचे व्ह्यूज, शीर्षकाची लांबी, टाकल्याचा तास आणि व्हिडिओची मिनिटं घेऊन साधं रिग्रेशन लावलं. हे आलं:

```
views = 27000 - 412*title_len + 310*hour + 540*minutes
R-squared: 0.19    title_len p-value: 0.01
```

म्हणजे शीर्षकातलं एकेक अक्षर मला ४१२ व्ह्यूजना पडतंय का? सगळी शीर्षकं छाटून टाकू? आणि रात्री जितकं उशिरा टाकेन तितकं बरं, असंच ना?

शंकासुर

आर-स्क्वेअर ०.१९ म्हणजे शंभरातले एक्क्याऐंशी टक्के तुला कळलेलंच नाही. कचऱ्यात टाक ते. व्ह्यूज थंबनेलवर येतात, हे शेंबडं पोरगंही सांगेल.

निवृत्त_मास्तर

शंकासुर, आर-स्क्वेअर कमी आहे म्हणून ४१२ चुकीचं ठरत नाही. व्ह्यूज मुळातच फार विखुरलेले असतात. कोणता व्हिडिओ किती चालेल हे या समीकरणाने सांगता येणार नाही, एवढाच ०.१९ चा अर्थ. ४१२ चुकीचंच आहे, पण त्याचं कारण दुसरं.

गडवेडा, आधी गंमत म्हणून एक करून बघ. शीर्षक ९५ अक्षरांचं, व्हिडिओ ६ मिनिटांचा, तास २. तुझ्या समीकरणात घाल. २७००० वजा ३९१४०, अधिक ६२०, अधिक ३२४०. उत्तर उणे ८२८०. आठ हजार लोकांनी तुझा व्हिडिओ न पाहता वर आणखी काढून घेतला म्हणायचं का? व्ह्यूज असे बेरजेने वाढत नाहीत, पटीने वाढतात. म्हणून त्यांचा लॉग घेऊन पुन्हा बसव.

हिंजवडीचा_कोडवाला

एक व्हिडिओ सुटून पळालेला असणार. माझ्या मते सगळा खेळ त्याचाच. शीर्षक लहान आणि व्ह्यूज तुफान असा एखादा आहे का रे? तो काढून बघ, ४१२ हवेत विरून जाईल.

गडवेडा_कोथरूड

आहे. «पावसाळ्यातला हरिश्चंद्रगड | कोकणकडा», १ लाख ६२ हजार. बाकीच्यांची सरासरी चौदा हजारांच्या आसपास. तो काढला तर ४१२ चे ३०५ झाले. म्हणजे कमी झाले, पण विरले नाहीत दादा.

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे लॉगही घेतला, हा व्हिडिओ ठेवूनच. शीर्षकाचा आकडा उणे ०.०१८ आला. म्हणजे दहा अक्षरं वाढली की व्ह्यूज साधारण साडेसोळा टक्क्यांनी कमी. पी-व्हॅल्यू अजूनही लहानच. मग छाटू?

पेठेतली_सुगरण

अरे बाळा, मी सदाशिव पेठेतून रेसिपी टाकते. दुपारी चारला टाकते, तेव्हा बायका चहा घेत मोबाइल बघतात, आणि शीर्षकात पदार्थाचं नाव पहिलं लिहिते. माझी अळूवडी दोन लाखांवर गेली. तूही चारला टाक, बाकी गणित कशाला?

शंकासुर

काकू, तुमची अळूवडी आणि त्याचा कोकणकडा यांचे प्रेक्षक एकच आहेत का?

पेठेतली_सुगरण

भूक दोघांनाही लागते.

हिंजवडीचा_कोडवाला

बरं, माझं म्हणणं अर्धंच खरं निघालं, मान्य. पण hour चा कॉलम कुठून आला? एपीआयमधून publishedAt ओढलं असशील तर ती वेळ यूटीसी आहे, शेवटी Z असतो बघ. आपली घड्याळं त्याच्या साडेपाच तास पुढे.

गडवेडा_कोथरूड

बाप रे. म्हणूनच २ वाजताचे व्हिडिओ दिसत होते! पहाटे दोनला मी झोपलेला असतो. ते सकाळी साडेसातचे आहेत. ऑफिसला निघताना बसमधून टाकलेले.

साडेपाच तास मिळवले. सगळ्यांनाच सारखे मिळवले तर आकडा बदलायला नको होता, पण ३१० चे १९० झाले. हे कसं?

निवृत्त_मास्तर

मध्यरात्रीनंतर टाकलेले काही असतील.

गडवेडा_कोथरूड

हो, तीन. साडेबाराचे. ट्रेकहून येऊन रात्री एडिट केले होते.

निवृत्त_मास्तर

त्यांनीच केलं. यूटीसीत ते १९ वर होते, म्हणजे तुझ्या संध्याकाळच्या घोळक्याच्या पुढे. आपल्या वेळेत ते ० वर गेले, सकाळच्याही अलीकडे. रात्री अकरा आणि साडेबारा यांत दीड तासाचं अंतर, पण कॉलममध्ये एक २३ आणि दुसरा ०. समीकरणाला घड्याळ गोल असतं हे माहीत नाही, ते पट्टीने मोजतं. तीन व्हिडिओ पट्टीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर गेले आणि तुझा निष्कर्ष एक तृतीयांशाहून जास्त घसरला.

आता बाकीचे ६१ कोणकोणत्या तासांवर आहेत ते नुसते मोजून सांग.

गडवेडा_कोथरूड

१९ सकाळी सात-आठच्या दरम्यान, ४२ रात्री आठ ते साडेनऊ. मध्ये एकही नाही, दिवसभर नोकरी.

निवृत्त_मास्तर

म्हणजे तुझ्याकडे तास असा नाहीच. दोन ढिगारे आहेत आणि रेघ एका ढिगाऱ्यातून दुसऱ्यात नेलेली आहे. दुपारी दोनबद्दल किंवा काकूंच्या चारबद्दल ती जे बोलते ते बघून नाही, मधला रस्ता सरळच असेल असं धरून. रात्री अकराबद्दल तर तिने अवाक्षरही काढू नये. hour ऐवजी सकाळ आणि रात्र असे दोनच गट कर, ते तीन बाजूला ठेव. आणि सकाळी काय टाकतोस?

गडवेडा_कोथरूड

सकाळी बहुतेक दोन-तीन मिनिटांचे तुकडे. एखादं टाकं, दरवाजा, शिलालेख. पूर्ण गड दाखवणारे पंधरा-वीस मिनिटांचे रात्री.

हिंजवडीचा_कोडवाला

मग वेळ आणि लांबी एकमेकांत अडकलीच आहेत. रात्र चालते, लांब व्हिडिओ चालतो की पूर्ण गड चालतो, हे या ६४ मधून सुटं होणार नाही. आणि ते तुकडे उभे शॉर्ट्स असतील तर वेगळेच काढ. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचा व्ह्यू नुसता सुरू झाला किंवा पुन्हा फिरला तरी मोजतात. लांब व्हिडिओचं तसं नाही. एकाच कॉलममध्ये दोन मापं होतील.

गडवेडा_कोथरूड

नाही, सगळे आडवेच आहेत. तेवढं वाचलो.

निवृत्त_मास्तर

आता मूळ प्रश्नाकडे. तुझ्या समीकरणात एक गोष्ट नाही: व्हिडिओ किती जुना आहे. चार वर्षं पडून असलेल्याला व्ह्यूज साठवायला चार वर्षं मिळाली. पहिल्या ३२ आणि नंतरच्या ३२ व्हिडिओंच्या शीर्षकांची सरासरी लांबी काढ.

गडवेडा_कोथरूड

पहिले ३२: सरासरी ३७. नंतरचे ३२: ६३. आधी नुसतं गडाचं नाव लिहायचो. नंतर कोणीतरी सांगितलं की इंग्रजीतही लिही, सर्चमध्ये येतं. मग मराठी, उभी रेघ, इंग्रजी, असं सुरू झालं.

हिंजवडीचा_कोडवाला

आणि ती लांबी तरी कसली मोजलीस? हे चालव:

```python
len("किल्ला")            # 6
len("हरिश्चंद्रगड")       # 12
len("Harishchandragad")  # 16
```

«किल्ला» वाचणाऱ्याला दोन अक्षरं दिसतात, पायथन सहा सांगतो. काना, वेलांटी, हलन्त, सगळं सुटं मोजतो. इंग्रजीत मात्र जे दिसतं तेच मोजलं जातं. तुझं title_len लांबीइतकंच, शीर्षक कोणत्या भाषेत आहे हेही मोजतंय.

गडवेडा_कोथरूड

मास्तर, व्हिडिओचं वय घातलं. लॉग घेऊन, वेळेचे दोन गट करून:

```python
smf.ols("np.log(views) ~ title_len + C(slot) + minutes"
        " + np.log(age_days)", data=df).fit()
```

शीर्षकाचा आकडा उणे ०.०१८ वरून उणे ०.००४. ९५ टक्क्यांची पट्टी उणे ०.०१९ ते अधिक ०.०११.

शंकासुर

बघा, शीर्षकाने काही होत नाही. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

निवृत्त_मास्तर

तू सांगितलं होतंस थंबनेल. आणि ही पट्टी «काही होत नाही» असं म्हणत नाही. दहा अक्षरं वाढवली तर सतरा टक्के नुकसान ते बारा टक्के फायदा, यातलं काहीही असू शकतं असं म्हणते. जुने ते आखूड आणि नवे ते लांब असल्यामुळे दोघांचं श्रेय वेगळं करायला पुरेसे व्हिडिओच नाहीत. जुना आणि लांब, नवा आणि आखूड असे किती निघतील?

गडवेडा_कोथरूड

हाताच्या बोटांवर.

हिंजवडीचा_कोडवाला

वय घालण्यापेक्षा प्रत्येकाचे पहिल्या २८ दिवसांचे व्ह्यूज घे. स्टुडिओत मिळतात. सगळ्यांना सारखी मुदत, भांडण मिटलं.

निवृत्त_मास्तर

मिटणार नाही. करून बघ म्हणावं.

गडवेडा_कोथरूड

केलं. आता शीर्षकाचा आकडा अधिक ०.०१२ आलाय! दहा अक्षरांना तेरा टक्के जास्त. डोकं फिरायची पाळी आली.

निवृत्त_मास्तर

चार वर्षांपूर्वी सबस्क्रायबर किती होते तुझे?

गडवेडा_कोथरूड

सुरुवातीला आठशे. आता एकवीस हजार.

निवृत्त_मास्तर

जुन्या व्हिडिओच्या पहिल्या २८ दिवसांत दारात आठशे माणसं होती, नव्याच्या वेळी एकवीस हजार. एकूण व्ह्यूज घेतले तर काळ जुन्यांच्या बाजूने, २८ दिवसांचे घेतले तर नव्यांच्या. दोन्ही वेळा शीर्षकाच्या नावाखाली बोलत होता तो काळच.

हिंजवडीचा_कोडवाला

ठीक आहे, मग त्या दिवशीचे सबस्क्रायबरही घाला समीकरणात.

निवृत्त_मास्तर

घालता येतील. पण तेही काळाबरोबरच चढतात. तिघं एकाच दोरीला बांधलेले, कोण कोणाला ओढतंय हे दोरीकडे बघून कसं कळणार? यापुढे टाकताना नाणं उडव. छापा आला तर सकाळ, काटा आला तर रात्र. शीर्षकाचंही वेगळं नाणं. मग निदान तुझ्या सवयीचा हात त्यात राहणार नाही.

हिंजवडीचा_कोडवाला

मास्तर, हिशेब करा ना. याचे व्हिडिओ महिन्याला जेमतेम दीड. वीस व्हिडिओंना वर्षाहून जास्त. आणि लॉगमध्ये विखुरणं ०.८ च्या आसपास धरलं तर दहा-दहाच्या दोन गटांत दुपटीपेक्षा लहान फरक दिसणारही नाही. एवढ्यासाठी सव्वा वर्ष? त्यापेक्षा पूर्ण गडाचे व्हिडिओ वाढव, ते तरी बघितले जातायत.

निवृत्त_मास्तर

हिशेब बरोबर आहे. पण पूर्ण गडाचे जास्त बघितले जातात हेही तू त्याच दोन ढिगाऱ्यांवरून सांगतोयस.

पेठेतली_सुगरण

नाणंच उडवायचं तर दुपारचे चारही ठेव की त्यात.

गडवेडा_कोथरूड

काकू, नाण्याला दोनच बाजू. फासा टाकावा लागेल, आणि चारला मी मीटिंगमध्ये असतो.

शीर्षकं छाटत नाही, इतकं ठरलं. राजगडाचा एडिट करून तयार आहे, सतरा मिनिटांचा. नाणं उडवलं, छापा आला. म्हणजे उद्या सकाळी साडेसात, आणि इतका लांब व्हिडिओ सकाळी मी आजवर एकदाही टाकलेला नाही.