मदत हवी आहे: डेकमध्ये विखुरलेली गृहीतकं एका रजिस्टरमध्ये कशी आणायची?

रबाळेकरीण
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत प्लास्टिक पॅकेजिंगच्या कंपनीत अकाउंट्सला आहे. बँकेकडून वर्किंग कॅपिटलची मर्यादा वाढवून घ्यायची आहे, त्यासाठी तीन वर्षांच्या अंदाजांचा डेक तयार झालाय. तो चौघांनी मिळून केलाय, त्यामुळे गृहीतकं जागा मिळेल तिथे बसलीत: काही तळटीपेत, काही तक्त्याच्या मथळ्यात, काही तर स्पीकर नोट्समध्ये. साहेबांना ती सगळी एका रजिस्टरमध्ये हवीत. आकडा, आधार, स्लाइड आणि कोणी दिला, असे रकाने केलेत.

अडलेय ते असं. स्लाइड ९ च्या तळटीपेत ‘उधारी ६० दिवस’ लिहिलंय. स्लाइड १७ वरच्या अंदाजित ताळेबंदात विक्री ६० कोटी आणि डेटर्स १२.३३ कोटी. त्यावरून `=12.33/60*365` केलं तर ७५ दिवस येतात. रजिस्टरमध्ये कुठला आकडा घालू?

कळवा_नाका
ताई, बँकेला डेक नको असतो. सीएमए डेटा भरा, पुढे दोन वर्षांचे ताळेबंद जोडा, झालं काम. आमचा मॅनेजर तर स्लाइड उघडूनही बघत नाही.

रबाळेकरीण
दादा, सीएमए भरलाय. त्यातही हेच आकडे गेलेत, म्हणून तर धास्ती.

घणसोली_सेक्टर७
अहो, सोपं आहे. डेटर्समध्ये जीएसटी धरलेला असतो, विक्रीत नसतो. फरक तेवढाच. ६० लिहा आणि मोकळ्या व्हा.

जुना_मुनीम
घणसोलीकर, मुद्दा बरोबर, पण हिशेब पुरता लागत नाही. १८ टक्के धरा: ६० गुणिले १.१८, म्हणजे जेमतेम ७१ दिवस. उरलेल्या चार दिवसांचं काय? ६० कोटींच्या विक्रीवर ते ६९ लाखांच्या आसपास जातात. मर्यादा मागताना बँकवाला नेमका तिथेच बोट ठेवणार. शिवाय निर्यातीच्या बिलावर साधारणपणे जीएसटी लावत नाहीत. तुमची थोडी निर्यात असेल तर ७१ सुद्धा येणार नाहीत, फरक आणखी वाढेल.

रबाळेकरीणबाई, एक विचारतो. मार्चमध्ये माल रेटता का?

रबाळेकरीण
रेटतो म्हणजे काय, शेवटच्या आठवड्यात गेटवर टेम्पोंची रांग असते. निर्यात थोडी आहे, दुबईला.

जुना_मुनीम
मग उरलेल्या दिवसांचा बराचसा भाग तिथे असणार. ताळेबंद ३१ मार्चचा, विक्री वर्षभराची. शेवटच्या तिमाहीत विक्री जास्त झाली की गिऱ्हाईक वेळेवर पैसे देत असलं तरी वर्षअखेरचे दिवस फुगलेले दिसतात. महिनावार विक्री घेऊन तपासा, माझ्या अंदाजावर जाऊ नका.

आता रजिस्टर. दोनांतला एक आकडा निवडून दुसरा पुसू नका. ‘उधारी ६० दिवस, जीएसटीसकट बिलावर’ ही एक ओळ. ‘चौथ्या तिमाहीतला विक्रीचा वाटा’ ही वेगळी ओळ, कारण ते गृहीतक डेकमध्ये कुठेच लिहिलेलं नाही, पण आकड्यात बसलेलं आहे. ७५ हे गृहीतक नव्हे, या सगळ्यांतून निघालेलं उत्तर आहे. ते पडताळणीच्या रकान्यात जाईल. तुमच्या रकान्यांत दोन वाढवा: ‘कशावर मोजलं’ आणि ‘स्लाइडवरच्या आकड्यातून उलटं काढल्यावर काय येतं’. नुसत्या तळटीपा उतरवल्यात तर रजिस्टर नीटनेटकं होईल, पण स्लाइड १७ मधली गडबड त्यात दिसणारच नाही.

वागळे_इस्टेट
आमच्याकडे डॉलरचं असंच झालं. कच्च्या मालाला एक दर, मशिनच्या कर्जाला दुसरा. आम्ही दोन्हीकडे एकच केला आणि मग कळलं की कर्जाचा दर फॉरवर्डने बांधलेला होता. म्हणजे पहिल्यापासून दोन दर बरोबरच होते. परत बदलला.

जुना_मुनीम
हेच. दोन आकडे वेगळे दिसले की आधी कारण विचारायचं. कारण निघालं तर दोन ओळी, नाही निघालं तर ‘वाद’ असा शेरा मारून ओळ उघडी ठेवायची.

रबाळेकरीण
महिनावार विक्री काढली. चौथ्या तिमाहीत २६ टक्के आहे. चार दिवसांपैकी बराच भाग त्यातून सुटतो असं वाटतंय, निर्यात वेगळी काढून पुन्हा बघते.

एक राहिलंच. विक्रीवाढ १२ टक्के धरलीय. त्यात माल किती वाढणार आणि दर किती, हे कुठेच नाही. सेल्सचे साहेब म्हणतात, ‘होईल, लिही.’ ‘कोणी दिला’ या रकान्यात त्यांचं नाव घालायला मात्र ते तयार नाहीत.

घणसोली_सेक्टर७
मग एमडींचं घाला.

जुना_मुनीम
विचारल्याशिवाय कोणाचंच घालू नका. रकाना कोरा ठेवा आणि तसाच साहेबांपुढे न्या. रजिस्टर बँकेला जोडायचं की घरातच ठेवायचं, हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. मी असतो तर जोडलं असतं, पण कोरा रकाना ठेवून नाही.

कळवा_नाका
१२ टक्के? आमचा मॅनेजर ८ च्या वर काही मानत नाही.