वेबिनारच्या आमंत्रणाचा मजकूर कसा लिहू? (नोकरदार मंडळी, चार देशांत पसरलेली)

तापीकाठ
आमच्या जळगावच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी ग्रुपतर्फे १४ मार्च २०२६ ला झूमवर वेबिनार आहे. नव्या आयकर कायद्याने पगारदारांना काय बदलतं, हा विषय. आमच्याच बॅचची मैत्रीण सीए आहे, ती बोलणार. निम्मा ग्रुप पुण्या-मुंबईत, बाकीचे दुबई, जर्मनी, न्यू जर्सी. बजेट शून्य, पोस्टर नको. व्हॉट्सअ‍ॅप आणि लिंक्डइनवर टाकायचा मजकूर तेवढा हवा. मी असं लिहिलंय (नाव काढलंय):

"🙏 सुवर्णसंधी! सुवर्णसंधी! 🙏 सर्व माजी विद्यार्थी बंधू-भगिनींना सस्नेह नमस्कार. आपल्या सर्वांच्या लाडक्या, सुप्रसिद्ध करसल्लागार सीए … यांचे आयकरावर अनमोल मार्गदर्शन. शनिवारी रात्री ८:३० आयएसटी (सकाळी १० ईएसटी). लिंक खाली दिली आहे. बहुसंख्येने उपस्थित राहावे."

रावेरची_केळी
ताई, मजकूर कोणी वाचत नाही. आम्ही केळी निर्यातीच्या वेबिनारला ४००० रुपये देऊन पोस्टर केलं होतं, वक्त्याचा फोटो, मागे केळीचा घड, एकदम झकास. डिझायनरचा नंबर हवा तर सांगा.

तापीकाठ
दादा, बजेट शून्य लिहिलंय हो.

रावेरची_केळी
ओळखीने ३००० ला करून देईल.

भुसावळ_जंक्शन
मी कंपनीत अशी आमंत्रणं महिन्याला दोन-तीन लिहितो, म्हणून बोलतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लांब मेसेज मधेच दुमडतो, लिंक्डइनवर तर पहिल्या दोन-तीन ओळींतच. तुमच्या त्या ओळींत दोनदा सुवर्णसंधी आणि एकदा नमस्कार आहे. ऑफिसात जेवताना फोन बघणाऱ्याला विषय आणि वेळ दिसलीच पाहिजे, नमस्कार नंतर. आणि तारीख कुठेय? 'शनिवारी' म्हणजे कोणता शनिवार? फॉरवर्ड होऊन मेसेज आठवड्याने पोचतो.

वेळेचा घोटाळा मोठा आहे. ईएसटी म्हणून १० हे गणित खरं तर चुकलेलं नाही. पण अमेरिकेतली घड्याळं ८ मार्चला तासभर पुढे जातात. १४ तारखेला न्यू जर्सीच्या भिंतीवर ११ वाजलेले असतील. तिथला माणूस ईएसटी ही अक्षरं वाचत नाही, तो १० वाचतो आणि तासभर आधी येऊन बसतो. म्हणून संक्षेप काढा, गावाचं नाव आणि तिथली वेळ लिहा. आयएसटीचंही तेच, इस्रायल आणि आयर्लंडवालेही तीच अक्षरं वापरतात.

चाळीसगावकर
बरोबर. जर्मनीचंही बदला. माझा भाचा म्युनिकला असतो, रोज बोलणं होतं. मार्चात घड्याळं पुढे गेली की आपल्यात साडेतीन तासांचा फरक. म्हणजे तिथे संध्याकाळचे ५.

भुसावळ_जंक्शन
अण्णा, साडेतीन तास उन्हाळ्यात, हे खरं. पण युरोपातली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात, यंदा २९ ला. १४ ला फरक साडेचारच. जर्मनी दुपारी ४. दुबईत घड्याळ बदलतच नाही, तिथे संध्याकाळचे ७.

चाळीसगावकर
दोन्हीकडे एकाच दिवशी बदलतात असं माझ्या माहितीत आहे. भाच्याला विचारून सांगतो.

नंदुरबारी_मिरची
धाग्यावर आलोच आहे तर विचारतो, मी नोकरी करतो, जुलैत रिटर्न भरायचंय. ते नव्या कायद्यात भरायचं की जुन्या? आमच्या ऑफिसात तिघांची तीन उत्तरं.

धुळ्याची_सीए
एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ ची कमाई म्हणजे १९६१ चाच कायदा, भरणार जुलै २०२६ मध्ये असलात तरी. नवा, २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला. त्यात 'आर्थिक वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' अशी दोन वर्षं सांभाळायची नाहीत, एकच 'कर वर्ष'.

तापीकाठ, या भाऊंचा प्रश्न उचला आणि विषयाच्या जागी टाका. 'आयकरावर अनमोल मार्गदर्शन' वाचून कोणी शनिवारचं जेवण सोडत नाही. 'जुलैचं रिटर्न कोणत्या कायद्यात?' वाचून येतील.

दुसरं, वक्त्याची ओळख. ती प्रॅक्टिस करत असेल तर तिच्या फर्मची किंवा सेवांची जाहिरात वाटेल असं काही टाकू नका. आम्हा सीएंना जाहिरातीची बंधनं आहेत. भाषण देताना नाव, सीए आणि विषयाशी थेट जुळणारं खास ज्ञान सांगता येतं, बढाई चालत नाही. 'सुप्रसिद्ध' लगेच काढा, तिलाच अडचण होईल. त्याऐवजी ती किती वर्षं कोणतं काम करते ते लिहा, आणि पाठवण्याआधी मजकूर तिला वाचायला द्या.

नंदुरबारी_मिरची
धन्यवाद ताई. वेबिनारची लिंक मलाही मिळेल का? मी त्या कॉलेजचा नाही.

रावेरची_केळी
फोटोत सीएचा लोगो टाकला की फर्मचं नाव लागतच नाही.

धुळ्याची_सीए
दादा, लोगोचे पण नियम आहेत. 🙂

अमळनेरकर_आयटी
'लिंक खाली दिली आहे' हे जोडायच्या पायऱ्यांत धरू नका. आमच्याकडे एकाने पासकोड `*42ab*` ठेवला होता. व्हॉट्सअ‍ॅपने दोन्ही तारे गिळले आणि मधली अक्षरं ठळक केली. अर्धा तास लोक "पासकोड चुकतोय" म्हणून फोन करत होते, मी शेवभाजीच्या ताटावरून उठून उत्तरं देत होतो. नुसते आकडे ठेवा. लिंकसोबत मीटिंग आयडी आणि पासकोड वेगळ्या ओळीवर द्या, कारण लिंक अर्धवट कॉपी झाली की झूम पासकोड मागतं. लिंकच्या शेवटी पूर्णविराम चिकटवू नका.

आणि फुकटचं झूम ४० मिनिटांत बंद होतं, माणसं १००. मी तर नोंदणीचा फॉर्म ठेवायला सांगेन.

भुसावळ_जंक्शन
फॉर्मला माझंही मत. किती येणार ते कळतं.

धुळ्याची_सीए
+१ फॉर्म.

चाळीसगावकर
भाचा म्हणतो ४. पण तो झोपेत होता.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. हे पाठवतेय:

"पगार तुमना शे, कायदा नवा शे!
जुलैचं रिटर्न कोणत्या कायद्यात? 'कर वर्ष' म्हणजे काय? पगारदारांसाठी तासभर.
शनिवार, १४ मार्च २०२६
भारत रात्री ८:३० | दुबई संध्याकाळी ७ | जर्मनी दुपारी ४ | न्यू जर्सी सकाळी ११
वक्त्या: सीए …, १४ वर्षं पगारदार आणि अनिवासी भारतीयांच्या आयकराचं काम
जोडण्यासाठी: झूम अ‍ॅप आधीच घेऊन ठेवा. दहा मिनिटं आधी लिंक दाबा. उघडली नाही तर अ‍ॅपमध्ये आयडी आणि पासकोड टाका. आपलं पूर्ण नाव लिहा, म्हणजे आत घेता येईल."
(खाली लिंक, आयडी, पासकोड.)

मैत्रिणीने वाचलं, "सुप्रसिद्ध नाही हे बरं केलंस" म्हणाली. अकाउंट एका वर्गमित्राचं पैसे भरलेलं आहे, ४० मिनिटांचा प्रश्न नाही. फॉर्म मात्र ठेवत नाही. आमच्या ग्रुपवर फॉर्म टाकला की सगळे 'येणार' म्हणून आशीर्वादाचे हात पाठवतात, भरत कोणी नाही.

भुसावळ_जंक्शन
पहिली ओळ विषयाची हवी होती. लिंक्डइनवर अहिराणी कोणाला कळणार?

तापीकाठ
ज्यांना बोलावतेय त्यांना कळते. ती ओळ राहणार.

अमळनेरकर_आयटी
'रेकॉर्डिंग मिळेल का' हे लिहा, नाहीतर तोच प्रश्न पन्नास वेळा येईल.

तापीकाठ
ते मैत्रिणीने अजून ठरवलं नाही.

रावेरची_केळी
२५०० फायनल. फोटो पाठवा.