मदत हवी आहे : प्रोसेसरमधला ट्रान्झिस्टर नावाचा स्विच दाबतो कोण?

अनघा_विज्ञान : उद्या नववीच्या वर्गात हा विषय घ्यायचा आहे. ‘ट्रान्झिस्टर म्हणजे छोटा स्विच’ एवढेच सगळीकडे लिहिलेले आहे. भिंतीवरचा स्विच बोट दाबते; इथे कोण दाबतो? आणि असे अब्जावधी स्विच एका चिपवर जोडतात तरी कसे? कृपया लवकर सांगा.

रेडिओवाले_काका : बीसी ५४७ हा सुटा ट्रान्झिस्टर आणा. त्याच्या बेस नावाच्या पायाला थोडा प्रवाह दिला की कलेक्टर या दुसऱ्या पायातून मोठा प्रवाह वाहतो. मी याच प्रकारे अनेक ॲम्प्लिफायर बांधले आहेत. डाग देताना मात्र तो फार तापू देऊ नका.

सिलिकॉनकर : काका, तो प्रकार वेगळा आहे. प्रोसेसरमधल्या ट्रान्झिस्टरचे गेट, म्हणजे त्याला चालू-बंद करणारे टोक, अतिशय पातळ विद्युतरोधक थराने वेगळे केलेले असते. गेटवर धन विद्युतदाब आला की खालच्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन गोळा होतात आणि सोर्स या टोकापासून ड्रेन या टोकापर्यंत प्रवाहाची वाट तयार होते. दाब गेला की ती मोडते. याच्या उलट वागणारा दुसरा प्रकारही असतो. दोघांची गेटे एकत्र जोडली की एक चालू असताना दुसरा बंद राहतो, आणि १ दिल्यावर ० मिळतो. हे बाहेर पडणारे ० किंवा १ म्हणजेच पुढच्या ट्रान्झिस्टरच्या गेटवरचा विद्युतदाब. त्यामुळे बोटाची गरजच उरत नाही. अनघाताई, तुम्ही कोणती चिप दाखवणार आहात?

अनघा_विज्ञान : ते लिहायचे राहिले. ॲपलची एम१.

निशांत_पी : एम१ पाच नॅनोमीटरची आहे, म्हणजे तिच्यातला प्रत्येक ट्रान्झिस्टर पाच नॅनोमीटर रुंद असतो. इतका लहान असल्यामुळेच सगळे मावतात.

सिलिकॉनकर : लहान असल्यामुळे मावतात हे बरोबर, पण ‘पाच नॅनोमीटर’ हे आता त्या निर्मितिपद्धतीचे नाव आहे, मोजमाप नव्हे. हिशेब करून पाहा : सुमारे १२० चौरस मिलिमीटरमध्ये १६ अब्ज ट्रान्झिस्टर, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला, तारांसाठीची जागा धरून, सरासरी ८५ ते ९० नॅनोमीटर बाजूचा चौरस येतो.
शिवाय, मावणे वेगळे आणि घडवता येणे वेगळे. हे ट्रान्झिस्टर एकेक करून कोणी जोडत नाही. प्रकाशाने नक्षी उमटवायची, नको तो भाग कोरून काढायचा, पुढचा थर चढवायचा, असे सिलिकॉनच्या चकतीवर पुन्हा पुन्हा केले जाते आणि एका थराची नक्षी चिपभर एकदमच उमटते. १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज टप्पे वाढले आहेत, पण ट्रान्झिस्टरच्या संख्येच्या पटीत नव्हे. एम१च्या सर्वांत बारीक थरांसाठी १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात.

रेडिओवाले_काका : मग गेटमध्ये प्रवाह जातच नसेल, तर माझा लॅपटॉप इतका का तापतो?

सिलिकॉनकर : दर बदलाला गेटवर विद्युतभार चढतो आणि उतरतो, त्यात ऊर्जा खर्च होते. शिवाय बंद स्विचमधूनही थोडी गळती होतेच.

निशांत_पी : गळती होत असेल, तर आणखी लहान करण्यात काय अर्थ आहे? त्यापेक्षा चिपच मोठी करावी.

सिलिकॉनकर : चिप मोठी केली की तिच्यात एखादा दोष सापडण्याची शक्यता वाढते आणि एका चकतीतून चांगल्या चिप कमी निघतात. पण गळतीची तुमची शंका रास्त आहे. त्यासाठीच ट्रान्झिस्टरचा आकार बदलून गेटने वाटेला तीन बाजूंनी वेढायला सुरुवात झाली.

अनघा_विज्ञान : एकाचे उत्तर दुसऱ्याचे गेट चालवते, हे समजले. पण वीज सुरू झाल्यावर अगदी पहिला विद्युतदाब कुठून येतो?