मदत हवी आहे: प्रवचनाच्या ध्वनिमुद्रणाला श्लोक, ओवी, वक्ता, भाषा कशी नोंदवावी?

जाई_वेल
नमस्कार मंडळी. एका प्रवचनकारांची कॅसेटवरची प्रवचनं आम्ही काही जण एमपी३ करून ऑनलाइन संग्रहात चढवतोय. फायली तयार आहेत. अडलंय ते प्रत्येक फायलीसोबत भरायच्या माहितीपाशी. उदाहरणादाखल एकच प्रवचन सांगते.

विषय ज्ञानाची लक्षणं. गीतेच्या तेराव्या अध्यायातला 'अमानित्वमदम्भित्वम्' हा श्लोक, त्यावरच्या ज्ञानेश्वरीतल्या ओव्या, आणि ओघात तुकोबांचा 'जे का रंजले गांजले'. निरूपण मराठीत, श्लोक अर्थातच संस्कृतात. शेवटी एका श्रोत्याने हिंदीत शंका विचारली आणि उत्तरही हिंदीत दिलंय.

आता आमच्यातल्या एकाने श्लोक १३.७ लिहिलाय, दुसरीने १३.८. दोघांच्या हातात छापील गीता आहे! भाषेच्या रकान्यात काय घालायचं यावर एकमत नाही. वक्त्याच्या रकान्यात काही फायलींवर 'संत ज्ञानेश्वर' आहे, ते मला पटत नाही. ज्याला हेच प्रवचन हवंय, त्याला ते सापडलं पाहिजे एवढीच इच्छा आहे.

विवेक_सा
भाषेत तिन्ही लिहा: मराठी, संस्कृत, हिंदी. जितकं जास्त लिहाल तितक्या जास्त शोधांत फाइल येईल. आणि श्लोकासाठी एकच क्रमांक ठरवा, १३.७. दोन दिले की गोंधळ वाढतो.

ओवीवाचक
क्रमांकाबाबत तुमचे दोघेही बरोबर आहेत. काही प्रतींत तेराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाचा प्रश्न येतो, 'प्रकृतिं पुरुषं चैव'. तो धरला की अध्याय ३५ श्लोकांचा होतो आणि गीता ७०१ श्लोकांची. नाही धरला तर ३४ आणि ७००. त्यामुळे त्या अध्यायातला प्रत्येक श्लोक एका घराने सरकतो. 'अमानित्वम्' एकीकडे ७ वा, दुसरीकडे ८ वा.

म्हणून एकच ठरवण्याशी मी सहमत नाही. संग्रहासाठी एक प्रत प्रमाण माना, तिचं नाव सगळीकडे लिहा, पण तेराव्या अध्यायापुरता दुसरा क्रमांकही वर्णनात द्या. शोधणाऱ्याच्या हातात कुठली प्रत आहे ते आपल्या हातात नाही. आणि क्रमांकापेक्षा श्लोकाचे पहिले शब्द महत्त्वाचे, कारण ते कुठल्याही प्रतीत बदलत नाहीत.

ज्ञानेश्वरीत हा प्रश्न आणखी अवघड आहे. साखरे प्रत, राजवाडे प्रत यांत ओव्यांचे क्रमांक जुळत नाहीत, ओव्यांची एकूण संख्याही वेगळी. नुसतं 'ज्ञा. १३' आणि पुढे ओवीचा आकडा लिहिलात तर तो तपासायला दुसऱ्याला त्याच प्रतीत जावं लागेल. ओवीचा पहिला चरण, अध्याय आणि प्रतीचं नाव, एवढं एकत्र द्या. अभंगाचंही तसंच. गाथेच्या आवृत्त्यांत अभंगक्रमांक बदलतात, त्यामुळे आरंभीचा चरण हीच खरी ओळख.

कॅसेटवाले_काका
कॅसेटमधली खरखर काढायला काय वापरलंत? माझ्याकडेही काही फिती आहेत, पण लेबलवर फक्त तिथी आहे, 'माघ वद्य एकादशी', सालाचा पत्ता नाही. तारखेच्या रकान्यात काय टाकू?

जाई_वेल
काका, आवाजाचं वेगळ्या धाग्यात विचारा ना, इथे फक्त नोंदींचं चाललंय. तारखेचा प्रश्न मात्र आम्हालाही आहे.

ओवीवाचक
काका, साल ठाऊक नसेल तर अंदाजाने लिहू नका. तारखेचा रकाना रिकामा ठेवा आणि लेबलवर जे आहे ते जसंच्या तसं वर्णनात उतरवा. चुकीचं साल एकदा चढलं की तेच पुढे दहा ठिकाणी उतरवलं जातं.

आता वक्ता. हा रकाना ज्याचा आवाज आहे त्याचा. ज्ञानेश्वर आणि तुकाराम विषयाच्या रकान्यात जातील. नाहीतर 'ज्ञानेश्वर' या नावाखाली ओवीपारायण शोधणाऱ्यापुढे प्रवचन येतं. शिवाय वक्त्याचं नाव सगळ्या फायलींवर एकाच रूपात, उपाधीशिवाय लिहा. एका फायलीत 'ह.भ.प.' आणि दुसरीत 'ह. भ. प.' असं जागा सोडून लिहिलं की यादीत दोन वेगळे वक्ते दिसू लागतात. उपाधी शीर्षकात किंवा वर्णनात सन्मानाने येऊ द्या.

मुक्ता_क
अक्षरांकडेही बघा. संस्कृत पोथीत 'अदम्भित्व' छापतात, आपण मराठी माणसं 'अदंभित्व' टंकतो. तसंच 'क्षान्ति' आणि 'क्षांति'. माणसाला हे एकच, पण अनेक शोधयंत्रांना दोन वेगळे शब्द. आकड्यांचंही तेच: कुणी १३ टंकतो, कुणी 13. आणि 13.7 मधला ठिपका काही ठिकाणी शोधात गळून पडतो. मी दोन्ही लेखनं विषयशब्दांत घालते आणि वर्णनात 'अध्याय १३, श्लोक ७' असं सलग वाक्य लिहिते.

ओवीवाचक
नेमकं. आता भाषा. विवेक, तिन्ही लिहिण्यात थोडं तथ्य आहे, पण चाळणी कशी चालते ते पाहा. जो 'संस्कृत' निवडतो त्याला संस्कृतातलं भाषण हवं असतं. त्याच्यापुढे मराठी निरूपण आलं तर तो लगेच बंद करेल. भाषेचा रकाना बोलण्याच्या भाषेसाठी आहे, उद्धृत श्लोकांच्या नाही. संस्कृत वर्णनात येईलच. एमपी३ मध्ये यासाठी `TLAN` हा रकाना असतो. त्यात तीन अक्षरी संकेत लिहायचे, मराठीला `mar`, हिंदीला `hin`, आणि भाषा एकाहून जास्त असतील तर ज्या भाषेचा वापर जास्त ती आधी. वेबपानावर मराठीचा संकेत मात्र `mr`.

जाईताईंच्या प्रवचनाची नोंद मी अशी केली असती (वेळा नमुन्यादाखल):

```
title: ज्ञानाची लक्षणे: अमानित्व, अदंभित्व (प्रवचन)
creator: <प्रवचनकाराचे नाव>
language: mar
subject: भगवद्गीता; ज्ञानेश्वरी; ज्ञानलक्षणे; अदंभित्व; अदम्भित्व
description: मराठी निरूपण. गीता अध्याय १३, श्लोक ७
  (३५ श्लोकी प्रतींत ८), "अमानित्वमदम्भित्वम्".
  41:10 पासून प्रश्नोत्तर हिंदीत.
```

चढवून झालं की दुसऱ्या माणसाला शोधायला सांगा: एकदा 'गीता अध्याय 13 श्लोक 8', एकदा 'अदंभित्व प्रवचन', एकदा नुसतं वक्त्याचं नाव. ज्या शोधात फाइल येणार नाही, तिथे कुठला रकाना कमी पडला ते लगेच कळेल.

विवेक_सा
हिंदी भाग ऐकण्यासारखा असेल तर `hin` का नाही? आमच्याकडे अर्धी प्रश्नोत्तरं हिंदीत असतात. ती ऐकू इच्छिणारे मराठी चाळणीत येणारच नाहीत.

ओवीवाचक
अर्धी असतील तर जरूर घाला, `mar` नंतर. एकाच प्रश्नासाठी मी घालणार नाही. सीमा कुठे, याला पक्का नियम माझ्याकडे नाही.

जाई_वेल
सगळ्यांचे मनापासून आभार. वक्त्याच्या रकान्यातून ज्ञानेश्वरांना विषयात नेते आणि तेराव्या अध्यायाच्या सगळ्या नोंदी आधी तपासते. एक राहिलं: तुकोबांचा अभंग फक्त दोन ओळींपुरता आलाय. तो विषयशब्दांत घ्यायचा का?

मुक्ता_क
मी घेत नाही. त्यावर विवेचन असेल तरच विषयात, नुसता उल्लेख असेल तर वर्णनात वेळेसकट. 'जे का रंजले गांजले' शोधणाऱ्याला त्या अभंगाचं निरूपण हवं असतं.

ओवीवाचक
मी उलट करतो. विस्मरणात गेलेल्या अभंगांचा दोन ओळींचा उल्लेखही अभ्यासकाला हवा असतो. या अभंगापुरतं मात्र मुक्ताताईंचं ऐका, तो तर सगळीकडेच येतो.