मदत हवी आहे: टाकी सफाई आणि आगीच्या तपासणीला घरी थांबावंच लागतं का? (तोक्यो)

सांगलीची_लेक
नमस्कार. आम्ही निशी-कासाईत सातव्या मजल्यावर भाड्याने राहतो. घरमालकांनी काल पत्रपेटीत कागद टाकलाय. बुधवारी सकाळी 9 ते 1 पाण्याच्या टाकीची वार्षिक सफाई, तेवढा वेळ पाणी बंद. गुरुवारी 10 ते 3 आगीची तपासणी, त्याला घरी कुणीतरी थांबा. खाली भरून द्यायची चिठ्ठी आहे.

आम्हा दोघांनाही ऑफिस आहे. सासूबाई महिन्याभरासाठी आल्यात, पण त्यांना जपानी अजिबात येत नाही. त्यांना एकटीला थांबवलं तर चालेल का? की दोन्ही दिवस रजा टाकू? आणि एक सांगायचं राहिलं. फोडणीच्या धुराने भोंगा वाजेल या भीतीने खोलीतल्या छताच्या सेन्सरवर मी प्लास्टिकची पिशवी बांधली आहे. त्यांनी पाहिलं तर घर सोडायला लावतील का?

पक्या_योकोहामा
दोन्ही दिवस थांबावं लागतं, कायदाच आहे तसा. नाही थांबलात तर 3 लाख येनपर्यंत दंड. आमच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं.

ठाणेकर_काका
टाकी सफाईनंतर पहिलं पाणी पिऊ नका. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी तांबूस पाणी आलं आणि आरओची जाळी भरली. सेक्रेटरीला लेखी तक्रार द्या, तोंडी सांगून काही होत नाही.

देखभालवाला
मी इथे इमारतींच्या देखभालीच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पक्या, दंडाचा आकडा बरोबर आहे, पण तो तपासणीचा अहवाल न देणाऱ्या किंवा खोटा देणाऱ्या जबाबदार मंडळींना. कामावर गेलेल्या भाडेकरूला नाही.

बुधवारी कुणीच घरी नको. 10 घनमीटरपेक्षा मोठी टाकी वर्षातून एकदा साफ करणं इथे बंधनकारक आहे आणि ते सगळं काम टाकीपाशीच चालतं. तुम्ही फक्त नळ बंद आहेत ना ते बघून निघा. सासूबाई घरी असतील तर आदल्या रात्री बाथटब भरून ठेवा. संडासात एक बादली जोरात ओतली की काम होतं. पाणी आल्यावर काकांचं म्हणणं इथेही लागू आहे. आधी न्हाणीचा नळ हळू उघडून हवा आणि गंज निघून जाऊ द्या. संडासाची टाकी, वॉशिंग मशीन आणि गीझर त्यानंतरच. उलटं केलंत तर कण त्यांच्या जाळीत अडकतात आणि मग पाण्याची धार बारीक होते.

गुरुवारी मात्र घर उघडावं लागेल. सासूबाई थांबल्या तरी चालेल, मोठं माणूस हवं एवढंच. तपासनीस बूट काढून आत येतात. लांब काठीच्या टोकाला वाटीसारखं उपकरण असतं, ते प्रत्येक सेन्सरवर धरतात, कपाटात सेन्सर असेल तर तिथेही. सगळं मिळून 5-10 मिनिटं. भोंगा वाजू शकतो, ते त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर घाबरतील.

पिशवी आजच काढा. घर सोडायला कुणी लावणार नाही, पण झाकलेला सेन्सर आग लागली तरी गप्प राहील, आणि घरात सासूबाई एकट्या असतात. स्वयंपाकघरात बहुधा उष्णतेवर चालणारा सेन्सर असतो, तो मोहरीच्या धुराने वाजत नाही. खोलीतल्याला कडेने बारीक फटी आणि आत जाळी दिसत असेल तर तो धुराचा. मग फोडणीच्या वेळी पंखा चालू आणि खोलीचं दार बंद.

सांगलीची_लेक
खूप आभार दादा. पिशवी काढली, फटी आहेत, म्हणजे धुराचाच. आता दुसरी काळजी. बाल्कनीत जमिनीवर लोखंडी झाकण आहे, त्यावर माझ्या तुळशीची आणि कढीपत्त्याची कुंडी आहे.

देखभालवाला
ती सुटकेची शिडी आहे ताई. ते झाकण उघडून शिडी खालच्या बाल्कनीपर्यंत सोडून बघतात. कुंड्या बुधवारी रात्रीच हलवा, आणि परत तिथे ठेवू नका. शेजारच्या आणि तुमच्या बाल्कनीमधला पातळ पडदाही मोकळा हवा, आगीत तो फोडून पलीकडे जायचं असतं.

पक्या_योकोहामा
चूक मान्य. पण कुणीच नसेल तर मालक स्वतःच्या किल्लीने आत येतात ना?

देखभालवाला
ते करारावर आहे. सरकारच्या नमुना करारात अशा कामासाठी आत यायला भाडेकरूची आधी संमती लागते, पण योग्य कारण नसताना भाडेकरूने नाकारायचंही नाही. आग, गळती अशा तातडीच्या वेळी मात्र न विचारता येऊ शकतात. ताई, तुमच्या करारात काय आहे ते मला इथून सांगता येणार नाही. गुरुवार जमत नसेल तर चिठ्ठीवर 'योबीबी' हा शब्द शोधा, म्हणजे राखीव दिवस. सगळेच मालक तो देत नाहीत.

सांगलीची_लेक
शोधला, नाहीये. मग सासूबाईच थांबतील. त्या विचारतायत, तपासनीस आला की चहा द्यायचा का?

देखभालवाला
त्यांना पुढची बरीच घरं करायची असतात, बहुतेक नको म्हणतील. दाराला साखळी लावूनच आधी ओळखपत्र बघायला सांगा. त्याच कागदावर कंपनीचं नाव असेल, तेच ओळखपत्रावर आहे का एवढं जुळवून बघा. त्यांना वाचता येणार नाही म्हणून ते नाव मोठ्या अक्षरात लिहून दारापाशी चिकटवून जा.