फॉलो-अपच्या ईमेलमधली नम्रता

«कोटेशन पाठवून आठवडा झाला, परदेशी ग्राहकाचे उत्तर नाही. ‘आय हंबली रिक्वेस्ट यू टू काइंडली रिप्लाय ॲट द अर्लिएस्ट’ असे लिहिले तर चालेल का?»

व्याकरण बरोबर आहे. पण ‘हंबली’ने आपण हात जोडतो आणि ‘ॲट द अर्लिएस्ट’ने लगेच तगादा लावतो. मराठीत आदर ‘आपण’, ‘कळवावे’, ‘कळवाल का’ अशा रूपांतच मुरलेला असतो. इंग्रजीत तशी रूपे नसल्यामुळे आपण ती उणीव ‘हंबली’, ‘काइंडली’ पेरून भरून काढतो, वास्तविक तिथे ते काम प्रश्नार्थक रचना करते. ‘आठवण करून देतो’ याचे ‘आय ॲम रिमाइंडिंग यू’ केले, तर वाचणाऱ्याला आपली चूक दाखवली जात आहे असेही वाटू शकते.

त्याऐवजी असे लिहा: ‘आय सेंट द कोटेशन लास्ट ट्यूजडे. कुड यू लेट मी नो बाय फ्रायडे इफ द रेट वर्क्स फॉर यू? आय प्लॅन टू ऑर्डर द मटेरियल ऑन मंडे.’ येथे शुक्रवारची मुदत आहे, पण तिच्यामागचे खरे कारणही लगेच दिलेले असल्यामुळे ती हुकूम वाटत नाही. सोमवारी माल मागवायचाच नसेल, तर मात्र ते वाक्य गाळा. ‘सॉरी फॉर द ट्रबल’ही नको, कारण दर जमतो का हे विचारण्यात क्षमा मागण्यासारखे काही नाही.

आपल्याकडच्या सरकारी पत्रव्यवहारात ‘काइंडली’ रुळलेले आहे. तिथे ते खुशाल ठेवावे.