तिसऱ्यांदा ४८० ला अडकला: ट्रिपल टॉप धरायचा की रेक्टँगल?

विश्रामबागकर (सांगली)
मंडळी, एका मिडकॅपचे २०० शेअर डिलिव्हरीत आहेत, ४३६ चे. गेल्या पाच महिन्यांत डेली चार्टवर भाव तीनदा ४८० च्या आसपास जाऊन फिरला आणि मधे दोनदा ४३० ला टेकून उठला. आज ४६२ आहे. एक मित्र म्हणतो ट्रिपल टॉप झाला, विकून टाक. दुसरा म्हणतो रेक्टँगल आहे, खाली आला की अजून घे. कुणाचं ऐकू?

वारणाकाठ
विका आणि मोकळे व्हा. तीनदा एकाच भावाला आपटला म्हणजे वर मोठा विकणारा बसलाय. तिसऱ्या टॉपला व्हॉल्यूमही कमी असेल, बघा. पक्का ट्रिपल टॉप.

विश्रामबागकर
व्हॉल्यूम दुसऱ्या टॉपला कमी होता, पण तिसऱ्याला परत वाढलाय.

अजिंक्यतारा (सातारा)
वारणाकाठ, वर विकणारा आहे हे तुमचं बरोबर. पण ४३० ला घेणाराही आहे, तो दोनदा दिसलाय. तो संपल्याशिवाय ट्रिपल टॉप पुरा होत नाही. तिसऱ्या टॉपपर्यंत दोन्ही चित्रं सारखीच दिसतात. भाव कुठल्या बाजूला बंद होतो त्यावरच नाव ठरतं.

विश्रामबागकर, आधी सांगा, ४८० ला पहिल्यांदा पोचण्याआधी शेअर कुठून आला होता?

विश्रामबागकर
दीड वर्षात २९० वरून.

अजिंक्यतारा
मग उलटायला मागे तेजी आहे, म्हणून ट्रिपल टॉपची शक्यता खरी आहे. शेअर आधीपासूनच आडवा चालत असता तर मी तो विचारच केला नसता. तरी तेजीनंतरची आडवी चाल पुष्कळदा वरच फुटते, त्यामुळे आत्ता नाव देऊ नका, भाव ठरवा.

पट्टा ५० रुपयांचा आहे. ४३० च्या खाली दिवस बंद झाला, तर ट्रिपल टॉप आणि खालचं टार्गेट ३८०. ४८० च्या वर बंद झाला, तर ५३०. दिवसात ४२६ दिसून ४३३ ला बंद झाला, तर काहीच फुटलेलं नाही. म्हणून स्टॉप नेमका ४३० ला लावू नका, तिथे सगळ्यांचे असतात. मी ४२४ धरतो.

नवीन खरेदी ४६२ ला अजिबात नको. खाली ३८ रुपये जोखीम आणि वर पट्ट्याच्या काठापर्यंत जेमतेम १८. तीच खरेदी ४३४ च्या आसपास, भाव उठताना केली, स्टॉप ४२४ आणि विक्री ४७२ ला, तर १० रुपयांच्या जोखमीवर ३८ मिळतात. रेक्टँगलमध्ये धंदा काठावरच होतो.

तुटल्यावर शॉर्ट करायचं म्हणाल तर डिलिव्हरीत ते जमत नाही. रात्रभर ठेवायचं तर शेअर फ्युचर्समध्ये हवा. तिथेही मी लगेच उडी घेत नाही. तुटल्यावर भाव बऱ्याचदा ४३० पाशी परत येतो, तिथे अडला की विकायचं, स्टॉप ४४२. कधी परत येतच नाही, मग तो सौदा सोडायचा. तुमच्यासाठी ट्रिपल टॉपचा उपयोग एवढाच, की बाहेर कधी पडायचं ते कळतं.

वारणाकाठ
पण सपोर्ट जितक्या वेळा टिकतो तितका पक्का होतो ना? मग ४३० तुटणारच नाही असंही म्हणता येईल.

अजिंक्यतारा
दोनदा टिकला म्हणजे लोकांच्या नजरेत भरला, एवढंच. दर वेळी तिथले घेणारे थोडे थोडे संपतात. माझी नजर उसळीवर असते. ४३० वरून उठून भाव ४५५ लाच दमला, तर घेणारे थकलेत. तशी उसळी दिसली की मी तुटायची वाट न बघता अर्धा माल काढतो.

हळदवाला
दादा, माझा पण प्रश्न घ्या. सांगलीत गोदामात हळद ठेवलीय. वायद्याच्या चार्टवर वर्षभराचा गोल बुडाचा आकार दिसतोय, राउंडिंग बॉटम. आत्ताच अजून माल भरावा का?

अजिंक्यतारा
भाऊ, तो धागा वेगळा, पण थोडक्यात सांगतो. आधी बघा, चार्ट एकाच करारातला आहे की महिने जोडून केलेला. जोडलेल्या चार्टवर करार बदलताना भाव उडी मारतो आणि नसलेला गोल दिसू शकतो. गोल खरा असला तरी बुडात घेऊन पैसे महिनोन् महिने अडकतात, तुमचं तर वर गोदामाचं भाडं. मी वीकली चार्टवर डाव्या काठाचा भाव ओलांडून बंद व्हायची वाट बघतो. काठाशी येऊन थोडा खाली दबला आणि उठला तर त्याहून चांगलं, त्या दबक्याच्या खाली स्टॉप लावता येतो. फेब्रुवारी-मार्चची नवी आवक डोक्यात ठेवा, चार्टला ती आधी कळतेच असं नाही.

विश्रामबागकर
४२४ खाली बंद झाला की सगळं काढणार, हे ठरलं. पण पुढच्या आठवड्यात तिमाही निकाल आहे. भाव थेट ४१० ला उघडला तर?

अजिंक्यतारा
मग स्टॉप ४१० लाच सुटेल, त्याला इलाज नाही. मी निकालाआधी निम्मे विकले असते.

वारणाकाठ
मी नाही. तिसऱ्या टॉपला व्हॉल्यूम वाढलाय म्हणताय, तर तिथे कुणीतरी मोठा माल घेतलाही असेल. आता मला ते वर फुटेलसं वाटतंय.

अजिंक्यतारा
घेतला असेल, किंवा विकलाही असेल. एकट्या व्हॉल्यूमवरून ते सांगता येत नाही.